स्कीमची पावडर

शोभाबाईंना चव कळत नव्हती. अकरा महिने झाले होते आणि ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती.

सांगायची तरी कशी? सुरतेजवळच्या सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत, कापड विणणाऱ्या एका कारखान्यात त्या कँटीन चालवत. कँटीन म्हणजे लूमच्या शेडच्या पाठीला टेकलेली पत्र्याची खोली. दोन शेगड्या, एक मोरी, पिंप आणि चहा द्यायची लाकडी फळी. दिवसपाळीची नव्वद माणसं तीन वेळा त्या फळीपाशी येत. जिला चहाच कळत नाही तिच्या हातचा चहा कोण पिणार?

मागल्या थंडीत ताप आला होता. ताप चार दिवसांत गेला, पण जाताना नाकाचा वास घेऊन गेला. मग त्यांच्या लक्षात आलं की जिभेवर फक्त गोड उरलंय, खारट उरलंय. आलं, वेलची, दूध, चहापत्ती, सगळं एकच. गरम पाणी. उधन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, येईल हळूहळू. पावसाळा गेला, दिवाळी गेली. काही आलं नाही.

तरी काम अडलं नव्हतं, कारण शोभाबाईंच्या हातात माप होतं.

पारोळ्याकडच्या एका गावातून एकोणिसाव्या वर्षी त्या लग्न होऊन सुरतेला आल्या. नवरा लोटू लूमवर होता. पंधरा वर्षं त्या घरी साड्यांना टिकल्या चिकटवत राहिल्या. मग लोटूला दम लागायला लागला. मालकानं कँटीनची जागा दिली. लोटू गेल्याला आता सहा वर्षं झाली. कँटीन राहिलं. एका उन्हाळ्यात फ्रिज बंद पडला, पिशवीतलं दूध दुपारपर्यंत नासायला लागलं, तेव्हा शोभाबाई दुधाच्या पावडरीवर आल्या आणि तिथंच राहिल्या. पावडर नासत नाही. पावडर माप पाळते.

फुल क्रीम पावडर. एक किलोला सात लिटर पाणी. तराजू नव्हता, म्हणून अॅल्युमिनियमचा लिटरचा मग. मगभर पावडर भरते अर्धा किलो, तिला साडेतीन मग पाणी. पाणी कोमट हवं, बोट बुडवून दहा आकडे मोजता येतील इतपत. उकळत्या पाण्यात टाकली की पावडरीचे गोळे होतात, वरून ओले आणि आत कोरडे, मग कितीही घोटा. म्हणून आधी थोड्या पाण्यात पावडर कालवायची, सैल भज्याच्या पिठासारखी. मग उरलेलं पाणी धारेनं. मग वीस मिनिटं झाकून ठेवायचं. पावडर पाणी पिते, तिला वेळ द्यावा लागतो. मग गाळायचं. तोवर दुसऱ्या पातेल्यात पाणी, पत्ती, साखर आणि आलं उकळत असतं. आलं चांगलं शिजल्यावरच दूध ओतायचं, नाहीतर फाटतं. पाणी अर्धं, दूध अर्धं.

हे सगळं हात करत. शेवटी शोभाबाई चमचा ओठाला लावत, मान हलवत आणि म्हणत, "जमला."

तो चमचा नुसता लावायचा होता.

सून जयश्री शेजारीच उभी असे. लग्न होऊन दीड वर्ष झालेलं. सासूबरोबर रोज सकाळी रिक्षानं यायची, दिवसभर ग्लास विसळायची. कधीमधी शोभाबाई तिला विचारत, "बघ गं, कसा झालाय?"

"छान झालाय, आई."

नेहमी छानच. सुनेनं सासूच्या हाताला नाव ठेवायचं नसतं, हे जयश्री माहेरून शिकून आली होती. शोभाबाईही कधी काळी हेच शिकल्या होत्या. आता ते शिकणं त्यांच्या गळ्याशी आलं होतं.

सोमवारी पावडर संपली. मुलगा धर्मेंद्र पर्वत पाटियाला कापडाच्या दुकानात गाठोडी बांधायला जातो. तो येताना तिकडून नवी गोणी घेऊन आला. पंचवीस किलोची, नवी कोरी, तोंड शिवलेली.

"आई, स्कीम लागली," तो म्हणाला.

"कसली स्कीम?"

"दुकानदारानं विचारलं, स्कीमवाळो आपूं? म्हटलं, आपो ने, द्या की. याच्यात एका किलोत अकरा लिटर दूध होतं. आपल्या त्या पावडरीत आठच व्हायचं."

सुरतेत स्कीम हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. साडीवर स्कीम, मोबाइलवर स्कीम, मिठाईच्या डब्यावर स्कीम. स्कीम म्हणजे काहीतरी जास्तीचं मिळणार. जयश्रीनं गोणीवरची इंग्रजी अक्षरं लावून पाहिली. "स्... कि... हो, स्कीमच लिहिलंय." खाली माप होतं, एक किलोला दहा लिटर पाणी.

शोभाबाईंनी पावडर चिमटीत घेतली. हाताला जरा कोरडी वाटली. जुनी पावडर मुठीत दाबली की ढेकूळ धरायची. ही बोटांतून निसटत होती. पण त्या थकल्या होत्या. थकलेल्या माणसाला नवीन गोणीची शंका घ्यायलाही बळ लागतं.

मंगळवारी सकाळी त्यांनी मगाला पाच मग पाणी घातलं आणि वर थोडं. दूध झालं. चहा झाला. चमचा ओठाला लावला.

"जमला."

दहाच्या सुट्टीत माणसं आली. लूम चालूच होते, एकेका रांगेतली माणसं आळीपाळीनं सुटत होती. ग्लास उचलले गेले. अर्धे ग्लास अर्धेच खाली ठेवले गेले.

"काकी, गाय पाण्यात उभी होती का?" एक जण म्हणाला. बाकीचे हसले.

शोभाबाईंनी ग्लास उजेडात धरला. चहाचा रंग चहाचा नव्हता. करडा होता, जुनं धोतर पाण्यात पिळल्यासारखा. चहा निवत आला तरी वर साय धरत नव्हती. इतका वेळ त्यांनी पाहिलंच नव्हतं. चव गेल्यापासून त्या मापाकडे पाहत, चहाकडे पाहत नसत.

"कसा झालाय गं?"

"छान आहे, आई," जयश्री म्हणाली आणि ग्लास विसळायला वळली.

पाणी जास्त झालं, एवढंच शोभाबाईंनी धरलं. बुधवारी त्यांनी जुनं माप लावलं. मगाला साडेतीन. दूध पांढरंशुभ्र आणि दाट दिसलं. त्यांना बरं वाटलं. पण उकळी यायच्या आत पातेलं तळाला धरलं. जुनी पावडर कधी अशी धरत नसे. वरचं वर काढून चहा केला. या वेळी कुणी हसलं नाही. एक जण म्हणाला, खडू घातल्यासारखा लागतो. दुसरा म्हणाला, साखर नसती घातली तरी चाललं असतं, दूधच गोड आहे, आणि गिळलं की जीभ कोरडी पडते. कालचा पानचट होता, आजचा पिठूळ. दोन दिवसांत दोन वेगळे चहा, दोन्ही वाईट.

दुपारी सुपरवायझर गजेंद्रभाई आले. वलसाडकडचे. आवाज कधी चढवत नसत, त्यामुळे त्यांचं बोलणं जास्त लागायचं.

"मासी, चा केम आवी थई गई?"

"नवी पावडर आहे, भाई. माप बसतंय."

"बसू द्या. पण शेठ मशीनचं बोलतात. बटण दाबलं की कप. सोमवारी माणूस दाखवायला येतो." मग थांबून म्हणाले, "शनिवारी धुडकू आबाचा कामावरचा शेवटचा दिवस आहे. गुलाबजाम तुम्हीच करणार ना? का बाहेरून मागवू?"

"मीच करणार."

ते गेले. शोभाबाई पाटावर बसल्या. पाय सुजले होते. मशीनचा त्यांना राग नव्हता. मशीनलाही चव कळत नाही, आणि ते तसं लपवतही नाही.

गुलाबजामही पावडरीचेच. खवा त्यांनी वर्षानुवर्षं आणला नव्हता. एक किलो पावडर, पाव किलो मैदा, शंभर ग्रॅम तूप, चिमूटभर सोडा आणि भिजवायला लागेल तसं दूध. हलक्या हातानं मळायचं, दहा मिनिटं झाकायचं, मंद तेलात सोडायचं. या मापानं त्यांनी लग्नं काढली होती, बारशी काढली होती.

गुरुवारी सकाळच्या चहानंतर त्यांनी पावशेराचा घाणा करून पाहिला. गोळा मळताना भेगा पडत होत्या. दूध वाढवलं तर चिकट झाला. तेलात सोडल्यावर गोळे बघता बघता लाल झाले, आत शिजायच्या आधीच. पाकात टाकले तर फुगले नाहीत. त्यांनी एक दाबून पाहिला. आत कणीसारखी गाठ.

"जयू, एक खा बरं."

जयश्रीनं खाल्ला. बराच वेळ चावला.

"छान आहे, आई."

शोभाबाई तिच्या जबड्याकडे पाहत राहिल्या. गुलाबजाम चावावा लागत नाही.

त्याच वेळी धुडकू आबा आला. आबा बासष्टचा. चौतीस वर्षं लूमवर, शेवटची अठरा जोडारी, म्हणजे बिघडलेला लूम दुरुस्त करणारा. तोही खानदेशातलाच, धरणगावकडचा. रविवारी बिऱ्हाड बांधून गावी निघणार होता. गावी मुलानं दोन खोल्या बांधल्या होत्या. आबा सगळ्यांशी मोठ्यानं बोलायचा. लूममधली सगळीच माणसं मोठ्यानं बोलतात, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटत नसे.

त्यानं न विचारता गुलाबजाम उचलला, तोंडात टाकला आणि थांबला. मग फळीवर राहिलेलं दूध बोटानं चाटलं. मग गोणीपाशी गेला आणि चिमूटभर पावडर जिभेवर ठेवली.

"सपरेट," तो म्हणाला.

"काय?"

"सपरेट दूध शे हाई. लोणी काढेल." तो पाटावर बसला. "आमना गावले डेरी होती. तठे मशीन होतं, हातानी फिरवाचं. दूध आत टाकलं का एक नळीतून साय आणि दुसरीतून सपरेट. साय शहरात जायची. सपरेट आम्हाला, पोरांना. निळसर. पोट भरे, पण तोंडाला काही लागायचं नाही."

जयश्री गोणीकडे पाहत होती. तिनं पुन्हा अक्षरं लावली, या वेळी शेवटपर्यंत. स्कीम नव्हतं. स्किम्ड होतं.

"आई," ती हळूच म्हणाली, "साय काढलेलं असं लिहिलंय."

शोभाबाईंनी कपाळाला हात लावला आणि धर्मेंद्रच्या स्कीमची गोष्ट आबाला सांगितली. आबा मात्र हसायला लागला. "धर्मानी स्कीम आणी! एक किलोत अकरा लिटर पाणी!" हसता हसता त्याला खोकला आला. जयश्रीही तोंडाला पदर लावून हसली. शोभाबाईंना हसू आलं नाही. दुधातलं निम्मं बळ सायीत असतं हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? पण हे त्यांना जिभेनं कळायला हवं होतं. मंगळवारी, पहिल्याच चमच्याला.

जयश्री पिंप भरायला बाहेर गेली. शेडचं दार उघडं होतं, शंभरेक लूम एकदम धडधडत होते. आबा शोभाबाईंकडे वाकला. तरी मोठ्यानंच बोलला.

"शोभे, तू चाखस ना?"

"चाखते की."

"नही. तू चमचा लावस. तुनं तोंड काही बोलत नही."

शोभाबाईंनी दाराकडे पाहिलं.

"बठ. मशीन चालू शेत. आठलं कोनले आयकू जात नही." मग तो म्हणाला, "माले बी आयकू येत नही. नऊ वरीस व्हयनात. काहीच नही."

शोभाबाई बघत राहिल्या. नऊ वर्षं हा माणूस रोज या फळीपाशी उभा राहून गप्पा मारत होता.

"मग लूम कसे दुरुस्त करता?"

आबानं तळहात पुढे केला आणि पाटावर टेकवला. लूमच्या अंगावर हात ठेवला की तो कुठं दुखतोय ते कळतं, असं त्यानं सांगितलं. आणि माणसं? माणसांच्या तोंडाकडे बघायचं. नऊ वर्षं त्यानं लोकांच्या तोंडाकडे बघूनच काढली. म्हणून त्याला दिसलं. चहा चाखताना प्रत्येकाच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं, भुवया हलतात, ओठ मुडपतात. शोभाबाईंच्या चेहऱ्यावर होळीच्या आधीपासून काही झालं नव्हतं.

"कितला दिन व्हयनात?"

"अकरा महिने." पहिल्यांदाच आकडा तोंडातून बाहेर पडला. "कुणाला सांगू नका, आबा."

"कोनले सांगू? मी तं चालनू गावले." तो उठला. दारात थांबून म्हणाला, "पण एकाला तरी सांग. मी कधी कोनले नही सांगं. नऊ वरीस येकला ऱ्हायनू. लई दमस मानूस."

त्या दिवशी फोन गेल्यावर धर्मेंद्र दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत फुल क्रीम घेऊन आला. त्याचं तोंड पडलं होतं. नवी गोणी मिळाली नव्हती, म्हणून वाण्याच्या उघड्या पोत्यातून आठ किलो सुटी आणली होती. शोभाबाई त्याला रागावल्या नाहीत. त्यांनी जयश्रीला हाक मारली.

"दोन ग्लास दूध कर. एक याचं, एक त्याचं. याला सात पट पाणी, त्याला नऊ पट. साखर घालू नकोस. आणि मला सांगू नकोस कुठलं कुठलं."

जयश्रीनं केलं. दोन्ही कोमट. शोभाबाईंनी डोळे मिटले आणि पहिल्या ग्लासातला घोट तोंडात धरला, लगेच गिळला नाही. काहीच लागलं नाही. जरासं गोड. घोट जिभेवरून पाण्यासारखा सरकला आणि मागे काही ठेवून गेला नाही. मग दुसरा. तोही बेचव. पण हा जिभेला धरून बसला. टाळूला, ओठांच्या आतून, एक पातळ थर. तेलाच्या हातानं पुसल्यासारखा.

त्यांनी पुन्हा पहिला घेतला. पुन्हा दुसरा.

"हा सायीचा," त्या म्हणाल्या. "आणि हा सपरेट."

"हो, आई. पण त्यात काय, कुणालाही..."

"मला चव कळत नाही, जयू. वासही नाही. अकरा महिने झाले."

जयश्रीच्या हातातला ग्लास तसाच राहिला. तिनं विचारलं, "मग रोज ते जमला जमला?"

"ते मापाला म्हणायचे." शोभाबाई पाटावर बसल्या. "जीभ सगळी गेली असं धरून बसले होते. पण जाडी कळते अजून. चिकटपणा कळतो. खडूसारखं झालं तर तेही कळेल. वास नाही कळणार. तो तू सांगायचास. आणि खरं सांगायचंस."

"माझ्याच्यानं नाही व्हायचं, आई. तुम्हाला नाव कसं ठेवू?"

"मग सोमवारी मशीन नाव ठेवील."

शुक्रवारी त्या दोघींनी गुलाबजामांचं माप नव्यानं बांधलं. सपरेट टाकून द्यायची नव्हती. चहाला तिच्यात तूप घालून बघितलं होतं, ते वर तरंगत राहिलं, ग्लासाच्या कडेला पिवळे थेंब. चहा ऐकेना. पण पीठ तूप ऐकतं. जी साय मशीननं काढून घेतली ती तुपानं परत द्यायची. किलोला शंभर ग्रॅमऐवजी पाव किलो तूप. आधी पावडर आणि मैदा तुपानं चोळून घ्यायचा, मूठ धरली की राहील इतका. मग दूध. आणि आच आणखी मंद, कारण सपरेट पावडरीत दुधाची साखर जास्त, ती लवकर लाल होते. पहिल्या घाण्यातला एक शोभाबाईंनी दोन बोटांत दाबला. दबला आणि परत वर आला. तोंडात धरला. जिभेनं टाळूला लावताच फुटला.

"सांग," त्या जयश्रीला म्हणाल्या.

जयश्रीनं खाल्ला. "छान आहे," ती म्हणाली आणि मग खाली बघत, "वेलची जास्त झालीये."

"किती जास्त?"

"बऱ्यापैकी."

शोभाबाईंनी पाकातली वेलची अर्धी केली. हे त्यांना अकरा महिन्यांत कुणी सांगितलं नव्हतं.

शनिवारी दोन किलोचे गुलाबजाम झाले. माणशी दोन. शेडमध्ये आबाला हार घातला, नारळ दिला. गजेंद्रभाई चार शब्द बोलले, आबानं त्यांच्या ओठांकडे बघून योग्य ठिकाणी मान हलवली. मग तो फळीपाशी आला, दोन खाल्ले, तिसरा मागून घेतला. शोभाबाईंनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. भुवया वर गेल्या, डोळे बारीक झाले, ओठ मिटले. त्याच्याकडूनच शिकल्या होत्या. विचारायची गरज उरली नाही.

"सांगं का तू एकाले?" आबानं विचारलं.

त्यांनी जयश्रीकडे बोट केलं. आबानं तळहात फळीवर ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला, जणू तीही लूमच होती. मग गेला.

सोमवारी दहाला वीस मिनिटं कमी असताना मशीनवाला माणूस आला. गळ्यात टाय, हातात पेटी. गजेंद्रभाई त्याला घेऊन थेट कँटीनमध्येच आले. चहा तयार होत आला होता. फुल क्रीमचं दूध, सातचं माप, कोमट पाणी, वीस मिनिटं झाकलेलं. शोभाबाईंनी चमचा घेतला, घोट तोंडात धरला. थर बसला. जाडी बरोबर होती.

"जमला," त्या म्हणाल्या आणि चमचा जयश्रीकडे दिला.

जयश्रीनं तोंडाशी नेला आणि थांबली. तिनं गजेंद्रभाईंकडे पाहिलं, टायवाल्याकडे पाहिलं. मग सासूकडे. तिचा चेहरा लाल झाला.

"आई, वास येतोय."

"कसला?"

"खवट. जुन्या तेलाचा." तिनं चमचा खाली ठेवला. "चहा देता येणार नाही."

सुटी पावडर. वरवरची दोन दिवस चालली, तळाची जुनी निघाली. वाण्याच्या उघड्या पोत्यातली, किती महिन्यांची कोण जाणे. सायीची पावडर चांगली, पण तिच्यातली साय उघड्यावर जुनी होते, खवट होते. सपरेटमध्ये जुनं व्हायला सायच नसते. हे शोभाबाईंना पुरतं ठाऊक होतं. फक्त त्यांच्या नाकाला ठाऊक नव्हतं.

त्यांनी पातेल्याचे कान फडक्यानं धरले. नव्वद माणसांचा चहा. मोरीत ओतला. वाफ वर आली, तिचाही त्यांना वास आला नाही.

"मासी, आ शुं करो छो?" गजेंद्रभाई म्हणाले. "दहा वाजत आले."

"वीस मिनिटं उशीर होईल, भाई. खराब होता. माझ्या नाकाला कळत नाही, तिला कळलं." त्यांनी हे सरळ सांगितलं, पातेलं विसळता विसळता. इतके महिने ज्याला जपलं ते दोन वाक्यांत संपलं. "जयू, सपरेटची गोणी ओढ. नऊचं माप. आणि आज चहात पाणी घालायचं नाही, पत्ती दुधातच उकळू, आलं वेगळं शिजवून शेवटी. तळ सोडू नकोस, हलवत राहा, धरतं ते."

माणसं आली आणि फळीपाशी उभी राहिली. शोभाबाई पदरानं घाम पुसत म्हणाल्या, "आज सपरेटचा चहा आहे. साय मागू नका. उद्या चांगला देईन."

"गाय अजून पाण्यातच आहे का, काकी?"

"काठावर आलीये. थांब जरा."

चहा झाला. फिकटच होता, पण करडा नव्हता. शोभाबाईंनी घोट जिभेवर फिरवला. खडू नाही, थरही नाही. मग चमचा पुढे केला.

"पातळ आहे," जयश्री म्हणाली. या वेळी खाली न बघता. "पण वास चांगला आहे. आलं लागतंय."

टायवाल्यानं पेटी उघडली होती. गजेंद्रभाईंनी आधी जयश्रीच्या हातचा ग्लास घेतला, उभ्यानंच प्यायले. मग टायवाल्याला म्हणाले, "ऊपर ऑफिसमें दिखाओ. यहाँ अभी नहीं."

अभी. शोभाबाईंनी तो शब्द ऐकला. तो त्यांना पुरेसा होता, कमीही होता. त्या पाटावर बसल्या, पाय लांब केले. ग्लास परत येऊ लागले, रिकामे. जयश्री ते विसळत होती. धर्मेंद्रला संध्याकाळी तोंड शिवलेली गोणी आणायला सांगायचं होतं, आणि सगळी अक्षरं वाचून आणायला.

"जयू," त्या म्हणाल्या, "दुपारच्या दुधाचं पाणी ठेव. बोट बुडवून बघ, दहापर्यंत मोजता आलं पाहिजे."

"मी मोजू?"

"तूच मोज. मी बसते जरा."